पाणी कुठं हाय?

भाच्याच्या वाढदिवसाला मी घरी पहिल्यांदा गोबी मंचुरियन केलं, त्या दिवशी आमच्या ह्यांनी पहिला घास घेऊन शांतपणे विचारलं, "भज्यांची आमटी का आज?" भाचा सभ्य आहे, तो काही बोलला नाही. त्यानं फक्त चमच्यानं एक तुरा उचलला. वरचं आवरण पायमोजा निघावा तसं निघून सॉसमध्ये पडलं आणि चमच्यात पांढरा, उघडावाघडा फ्लॉवर राहिला.

भजी मला चांगली येतात, हे मी गर्वानं सांगते. आणि खरं तर तिथंच माझी चूक होत होती. मी मंचुरियनला भज्याचा भाऊ समजत होते. भजं कढईतून ताटात येतं, ताटातून तोंडात जातं. त्याला फार तर चटणीत एक बुडी मारायची असते. मंचुरियनला तळून झाल्यावर चक्क ओल्या सॉसमध्ये उतरायचं असतं आणि तिथून कुरकुरीत बाहेर यायचं असतं. हा प्रकारच मुळात वेडा आहे. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात. पुढं कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि रस्त्यावरच्या गाड्यांचं पोट भरलं.

आमच्या कोल्हापुरात तर नावापासून घोळ आहे. मराठीत कोबी म्हणजे पानकोबी, आणि हिंदीतली गोबी म्हणजे फ्लॉवर. त्यामुळं काही गाड्यांवर 'मंचुरियन' मागितलं की किसलेल्या कोबीचे गोळे मिळतात, काही ठिकाणी फ्लॉवरचे तुरे. दोन्हीचं तंत्र वेगळं. गोळ्यात पीठ आतच मिसळलेलं असतं, तुऱ्याला ते बाहेरून चिकटवावं लागतं. मी बोलतेय ती फ्लॉवरबद्दल, कारण माझी फजिती त्याच्यानं झाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी एक चायनीजची गाडी लागते. गाडीवाले मामा पन्नाशीचे, कमी बोलणारे. एकदा गर्दी नव्हती म्हणून मी माझी सगळी कर्मकहाणी त्यांना सांगितली. मैदा किती, कॉर्नफ्लॉवर किती, सोडा घालू का, असे प्रश्न मी एकामागून एक टाकले. त्यांनी झारा खाली ठेवला आणि म्हणाले, "वैनी, पिठाचं नंतर. पाणी कुठं हाय ते बघा आधी."

मला तेव्हा वाटलं, मामांनी टाळलं. पुढच्या दोनेक महिन्यांत सात-आठ फ्लॉवर वाया घालवल्यावर कळलं की त्यांनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. ह्या पदार्थात तीन ठिकाणी पाणी आहे: भाजीत, आवरणात आणि सॉसमध्ये.

पहिलं पाणी भाजीचं. फ्लॉवरचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतो. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तुरे दोन मिनिटं टाकून काढायचे, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. किडे-अळ्या निघतात, कच्चेपणा जातो. पण त्यानंतर जे करायचं ते कुणी ठासून सांगत नाही. तुऱ्यांच्या फटीफटीत पाणी अडकून बसतं. मी आधी ते चाळणीत निथळून पाच मिनिटांत पिठात टाकायची. आता सुती पंचावर देठ वर करून पसरते आणि पंख्याखाली पाऊण तास विसरून जाते. हाताला कोरडे लागले पाहिजेत. जुलै-ऑगस्टात, जेव्हा इथं धुतलेला टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तेव्हा तासभर लागतो. तुरे दोन मिनिटांपेक्षा जास्त उकळले तर ते पाणी पिऊन मऊ होतात, आणि मग कितीही वाळवा, तळताना आतून वाफ येतच राहते. ओल्या तुऱ्यावर पीठ चिकटतच नाही, पाण्याच्या थरावर नुसतं तरंगतं. भाच्याच्या चमच्यात जो पायमोजा निघाला, त्याचं कारण हे.

कोरड्या तुऱ्यांवर दोन चमचे कोरडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं आणि भांडं हलवून सगळीकडं लागू द्यायचं. उरलासुरला ओलावा ते पीठ शोषून घेतं आणि वरच्या ओल्या पिठाला धरायला खडबडीत जागा मिळते. मला वाटतं, सगळ्या कृतीत सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट हीच आहे.

आता पीठ. आधी एक कबुली: पहिल्या खेपेला मी लक्ष्मीपुरीतनं मक्याचं पिवळं पीठ आणलं होतं, भाकरीचं. कॉर्नफ्लॉवर म्हणजे ते नव्हे. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचं सत्त्व, पांढरंशुभ्र, बोटांत दाबलं की नव्या बर्फासारखं करकरणारं. त्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल. मैद्यात मात्र प्रथिनं असतात, पाणी लागलं की त्यांचं चिकट जाळं तयार होतं. पोळीची कणीक ताणली जाते ती ह्याच जाळ्यामुळं.

दोघांची कामं वेगळी आहेत. मैदा धरून ठेवतो, कॉर्नफ्लॉवर कुरकुरीत करतं. हे मी एका रविवारी तीन वाट्या मांडून तपासलं. एका वाटीत नुसता मैदा होता. तुरे सुंदर सोनेरी झाले, आवरण घट्ट बसलं, पण पाच मिनिटांत पुरीसारखं लवचीक झालं आणि चावताना ओढायला लागलं. दुसऱ्या वाटीत नुसतं कॉर्नफ्लॉवर होतं. तळताना निम्मं आवरण तेलातच सुटलं, राहिलं ते कडक पण पांढुरकं, आणि चावलं की कवच फुटून भाजीपासून वेगळं व्हायचं. तिसऱ्या वाटीत दोन्ही समान होती. ती वाटी जिंकली. आवरण पातळ बसलं, धरून राहिलं आणि दाताखाली मोडलं.

तेव्हापासून माझं प्रमाण ठरलं आहे. मध्यम आकाराच्या एका फ्लॉवरचे साधारण साडेतीनशे ग्रॅम तुरे निघतात. त्यांना अर्धा कप मैदा आणि अर्धा कप कॉर्नफ्लॉवर, म्हणजे दोन्ही साधारण साठ-साठ ग्रॅम. त्यात एक चमचा तिखट, अर्धा चमचा मीठ, मिरपूड आणि एक चमचा आलं-लसणाचं वाटण. पाणी गार, अर्ध्या कपाच्या आसपास, पण शेवटचे दोन चमचे हातात राखून. तुरा बुडवून उचलला तर पीठ त्याच्या अंगावर थांबलं पाहिजे आणि एखाद-दुसराच थेंब गळला पाहिजे. धार लागली तर पातळ झालं, एक चमचा कॉर्नफ्लॉवर घाला. लोंबकळत राहिलं तर घट्ट झालं, आत कच्चं राहील.

पीठ फेटायचं नाही. भज्याचं पीठ हातानं खसाखसा फेटायची माझी सवय इथं नडली. मैदा जितका घोटाल, तितकं ते जाळं बळकट होतं आणि आवरण चिवट होतं. गुठळ्या मोडल्या की पुरे. सोड्याचंही तसंच. चिमूटभर सोड्यानं भजं फुलतं खरं, पण फुललेल्या आवरणात भोकं असतात, भोकांत तेल शिरतं, आणि मग सॉसही शिरतो. सॉसमध्ये जायचं असलेल्या वस्तूला फुलवायची गरज नाही.

ह्या पिठाची एक खोड मला बरेच दिवस कळली नव्हती. कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि संधी मिळाली की तळाशी जाऊन बसतं. पहिला घाणा तळत असताना इकडं भांड्यात वर पातळ मैद्याचं पाणी आणि खाली सिमेंट तयार होतं. म्हणून माझे पहिले तुरे मऊ आणि शेवटचे दगडासारखे व्हायचे, आणि मी आचेला दोष द्यायची. आता प्रत्येक घाण्याआधी तळापासून एकदा हलवते. आणखी एक: तुरे पिठात घालून ठेवायचे नाहीत. कांदाभज्यात मीठ लावलं की कांद्याला पाणी सुटतं, त्यावरच ती भजी होतात. तेच मीठ इथं फ्लॉवरचं पाणी ओढून काढतं आणि दहा मिनिटांत छान जमलेलं पीठ सरबत होतं. तेल तापल्यावरच तुरे पिठात जाऊ देत.

दुसरं पाणी आवरणाचं, आणि ते काढायचं काम तेल करतं. तुरा कढईत पडल्यावर जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नव्हेत, ती आतल्या पाण्याची वाफ. बुडबुडे जोरात आहेत तोवर पाणी निघतंय. ते मंदावले, चुरचुर बारीक झाली, की बरंचसं पाणी गेलं. रंगापेक्षा मी आता आवाजावर जास्त भरवसा ठेवते, कारण आलं-लसूण आणि तिखटामुळं रंग लवकर फसवतो.

हे पाणी एका तळणीत निघत नाही. इथं मला सगळ्यात जास्त वेळ लागला समजायला. पहिल्यांदा मध्यम आचेवर तळायचं: पिठाचा थेंब टाकला तर तळाशी टेकून सावकाश वर यावा, अंदाजे एकशे साठ अंश. एका वेळी दहा-बारा तुरेच, चार ते पाच मिनिटं, फिक्या बदामी रंगावर काढायचे. जाळीवर ठेवायचे, कागदावर नाही. कागदावर खालच्या बाजूला वाफ कोंडते. ते तेव्हा कुरकुरीत वाटतात. दहा मिनिटांनी पुन्हा हात लावा, मऊ झालेले असतात. भाजीच्या आतला ओलावा सावकाश बाहेर सरकतो आणि वाळलेल्या आवरणात येऊन बसतो. घरी आपण नेमके ह्याच अवस्थेतले तुरे सॉसमध्ये टाकतो आणि मग नशिबाला बोल लावतो.

म्हणून दुसरी तळण. तेल आता चांगलं तापलेलं, थेंब टाकताक्षणी उसळून वर आला पाहिजे, एकशे पंच्याऐंशीच्या आसपास. दीड-दोन मिनिटंच. आवरणात येऊन बसलेलं पाणी ह्या तळणीत उडून जातं आणि आतली भाजी पुन्हा तापून नवं पाणी सोडायच्या आत तुरा बाहेर येतो. चमच्याच्या पाठीनं खरवडलं की खर्रर्र असा आवाज आला पाहिजे. मामांच्या गाडीवर परातीत जे फिक्या रंगाचे तुरे रचलेले असतात, ते ह्या पहिल्या तळणीचे. मी इतकी वर्षं त्यांना शिळे समजून नाक मुरडत होते. ऑर्डर आली की ते दुसऱ्यांदा तेलात जातात. घरी पाहुणे यायचे असतील तर तुम्हीही पहिली तळण दुपारी उरकू शकता, आणि सातला फक्त दुसरी.

तिखटावरून आठवलं. गाडीवरचा तो लालभडक रंग घरी येत नाही म्हणून माझी जाऊ खाण्याचा रंग घालायची. कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये सापडणाऱ्या रोडामाइन-बी वर बंदी आणली. तो कापड रंगवायचा रंग. निपाणी इथून तासाभरावर, म्हणजे तिकडची खबर इकडं यायला वेळ लागला नाही, आणि जावेनं डबी फेकून दिली. ब्याडगीच्या तिखटानं रंग पुरेसा येतो. संकेश्वरी घातलीत तर रंगाआधी डोळ्यांतनं पाणी येईल, आणि ते पाणी वर सांगितलेल्या तिन्हींत मोडत नाही.

तिसरं पाणी सॉसचं. इथं सगळ्यांचा हात सैल सुटतो. आपल्याला रश्शाची सवय, तर्री वर दिसल्याशिवाय समाधान नाही. पण साडेतीनशे ग्रॅम तुऱ्यांना सॉस जेमतेम अर्धी-पाऊण वाटी हवा. दोन चमचे तेलात भरपूर चिरलेला लसूण, आलं, दोन हिरव्या मिरच्या, मोठ्या आचेवर. मग अर्धा कांदा आणि थोडी ढोबळी मिरची, मिनिटभरच, नाहीतर त्यांनाही पाणी सुटतं. एक मोठा चमचा सोया सॉस, एक चिली सॉस, दोन टोमॅटो केचप, पाव कप पाणी. मीठ घालू नका, सोयात भरपूर असतं. उकळी आली की एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर दोन चमचे गार पाण्यात कालवून, पुन्हा हलवून, धारेनं सोडायचं.

तेच कॉर्नफ्लॉवर इथं दुसरं काम करतं. साठ-सत्तर अंशांच्या पुढं त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. आवरणाला जे पाणी भिजवतं ते मोकळं पाणी. फुगलेल्या स्टार्चनं धरलेलं पाणी इतक्या सहज आवरणात झिरपत नाही, सॉस वर लेपासारखा बसतो. म्हणून सॉस तेवढा आटला पाहिजे. उलथन्यानं कढईच्या तळावर रेघ ओढा. रेघ लगेच बुजली तर अजून मोकळं पाणी आहे. क्षणभर टिकली आणि सॉस दुधाळ न राहता चकचकीत झाला, तर झालं. व्हिनेगर ह्या वेळी घालायचं, शेवटी, छोटा चमचाभर. आधी घालून उकळत ठेवलं तर आंबटपणानं स्टार्चची पकड सुटते आणि घट्ट झालेला सॉस पुन्हा पातळ होतो. माझ्या हातून हे दोनदा झालं. दोन्ही वेळा मी अजून कॉर्नफ्लॉवर ओतलं आणि खळ तयार केली.

दुसऱ्या तळणीचे गरम तुरे, गरम सॉस, मोठी आच, आणि वीस-तीस सेकंद. तीन-चार वेळा कढई उसळायची आणि उतरवायचं. जास्त वेळ ठेवून 'मुरू' द्यायचं नाही. मुरणं लोणच्याला शोभतं. अशा रीतीनं केलेलं मंचुरियन माझ्या घड्याळात दहा-बारा मिनिटं कुरकुरीत राहतं. त्यापुढं कुणीही काहीही सांगो, ओल्या सॉसमधलं आवरण मऊ होणारच. आणि ग्रेव्हीवालं मंचुरियन कुरकुरीत ठेवायचा उपाय एकच आहे: तुरे आणि ग्रेव्ही वेगळ्या भांड्यांत वाढा.

चिली पोटॅटोला मी हाच हिशेब लावते, फक्त बटाट्यात स्वतःचाच स्टार्च असल्यानं मैद्याचा आधार कमी लागतो. बोटाएवढे तुकडे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचे, तीन-चार मिनिटं उकळायचे, वाळवायचे. मग दोन भाग कॉर्नफ्लॉवरला एक भाग मैदा, आणि पाणी फक्त शिंपडण्यापुरतं. आवरण भज्यासारखं न दिसता धुळीसारखं दिसलं पाहिजे. जुन्या बटाट्यात साखर जास्त झालेली असली तर तो आत शिजायच्या आत बाहेरून काळपटतो. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बटाट्याचंही तेच होतं.

गेल्या महिन्यात सगळं जमलं. भाच्यानं बशी कानाशी नेऊन तुरा मोडून आवाज ऐकला, ह्यांनी आमटीचा शब्द काढला नाही. मला मामांना दाखवायची घाई. पावसाची भुरभुर होती म्हणून एका डब्यात पाच-सहा तुरे घातले, वर झाकण घट्ट लावलं आणि गल्लीच्या तोंडाशी गेले. चार मिनिटांचा रस्ता.

मामांनी डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूनं थेंब ओघळून तुऱ्यांवर पडत होते. त्यांनी एक तुरा नखानं खरवडला. आवाज आला नाही. तोंडात टाकला, चावला, मान हलवली.

"चव झ्याक जमलीया वैनी," ते म्हणाले. मग झाकण उलटं करून झटकलं. "पण झाकून का आणलंसा?"